खेळाच्या कपड्यांवरचे तांबड्या मातीचे आणि गवताचे डाग: धुण्याआधी काय करायचं

कोकणातल्या बऱ्याच शाळांची मैदानं सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर असतात. खाली जांभा दगड, त्यावर तांबड्या मातीचा पातळ थर आणि जून ते ऑक्टोबर त्यावर हिरवंगार गवत. मुलं खो-खोत सूर मारतात, कबड्डीत पकडीत घसरतात, फुटबॉलमागे गुडघ्यावर पडतात आणि शनिवारचा पांढरा पी.टी.चा ड्रेस दोन डाग एकाच जागी घेऊन घरी येतो. खाली तांबडं, वर हिरवं. रत्नागिरी, सिंधुदुर्गातच नाही, गोव्यातही हेच आणि महाबळेश्वर-पाचगणीकडच्या तांबड्या मैदानांवरही हेच.

हे दोन डाग एकमेकांच्या उलट वागतात, म्हणून ते एकाच उपायाने निघत नाहीत. माती म्हणजे बारीक कण. ते पाण्यात किंवा साबणात विरघळत नाहीत, ते कापडातून बाहेर काढावे लागतात. गवताचा डाग म्हणजे रंग. त्यातलं हरितद्रव्य धाग्यावर चढलेलं असतं आणि पानातली प्रथिनं त्याला तिथे चिकटवून ठेवतात. हा रंग साध्या पाण्यात विरघळत नाही, पण स्पिरिटमध्ये विरघळतो. मातीला आधी वाळू द्यायचं असतं. गवताचा डाग जितका ताजा तितका बरा. मग दोन्ही एकाच गुडघ्यावर असतील तर आधी कोणाचं ऐकायचं?

मातीचं. गवताचा डाग संध्याकाळपर्यंत, अगदी रात्रभरही थांबला तरी स्पिरिटने निघतो. पण ओली तांबडी माती एकदा चोळली की तिचे सर्वात बारीक कण सुताच्या पिळात जाऊन बसतात आणि मग तिथे लालसर झाक कायमची राहते. पुढचा सगळा क्रम यावरच उभा आहे: वाळवणं, झटकणं, स्पिरिट, उलट्या बाजूने पाणी, डिटर्जंट आणि गरज पडली तरच शेवटी लिंबू. हा क्रम का बदलायचा नाही, ते त्या-त्या ठिकाणी सांगते.

घरी आल्याआल्या

कपडे लगेच बादलीत भिजवू नका. बहुतेक घरांत हेच होतं आणि बहुतेक डाग इथेच पक्के होतात. चिखलाचा ड्रेस, मोजे आणि टी-शर्ट एका बादलीत पावडर टाकून भिजवले की माती सुटते खरी, पण पाण्यात तरंगून सगळ्या कापडावर पुन्हा बसते. नंतर पांढऱ्या पँटवर एकही ठळक डाग दिसत नाही आणि तरी ती नव्या पँटशेजारी धरली की गुलाबीसर, मळकट वाटते. ही झाक आली असेल तर बादलीचा दोष समजायचा, साबणाचा नाही.

प्लास्टिकच्या पिशवीत बांधूनही ठेवू नका. पावसाळ्यात एका रात्रीत कुबट वास लागतो आणि दोन दिवस विसरलात तर बुरशीचे काळे ठिपके पडतात. ते या दोन्ही डागांपेक्षा चिवट असतात. मुलांच्या दप्तरात घाणेरड्या कपड्यांसाठी प्लास्टिकऐवजी कापडी पिशवी द्यावी.

चिखलाचा जाड थर असेल तर चमच्याच्या मागच्या बाजूने किंवा जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने तो वरच्यावर उचलून काढा. दाबायचं नाही, घासायचं नाही. मग कपडा हँगरला लावून पंख्याखाली टांगा. उन्हाच्या दिवशी दोनेक तासांत माती वाळते, पावसात चार-पाच तास लागतात, कधी रात्रभर. वाळली की नाही हे रंगावरून कळतं: ओली माती विटकरी, गडद दिसते, वाळली की फिकी पडते आणि कापड दुमडलं की तिला तडे जातात. तडे जात नसतील तर आतून अजून ओल आहे. घाई म्हणून इस्त्री किंवा हेअर ड्रायर लावू नका. मातीला त्याने फारसं काही होत नाही, पण तिच्याखालच्या गवताच्या डागातली प्रथिनं उष्णतेने घट्ट होतात.

वाळलेला कपडा गॅलरीत किंवा अंगणात न्या. डाग खाली तोंड करून धरा आणि कापडाच्या आतल्या बाजूने ब्रशच्या पाठीने टपटप ठोका. अर्धी माती अशीच खाली पडते. उरलेल्यासाठी मऊ ब्रश, तोही एकाच दिशेने, धाग्याच्या रेषेत. गोल-गोल फिरवला की कण पुन्हा आत दाबले जातात. गुडघ्यावरची शिवण बोटांनी फाकवून पाहा, तिच्या घडीत मातीची रेघ अडकलेली असते. ती जुन्या टूथब्रशने काढा, नाहीतर पाणी लागताच तीच माती पसरते. मोज्यांसाठी सोपी युक्ती आहे: वाळलेला मोजा हातमोज्यासारखा हातात घाला, बोटं ताणा आणि दुसऱ्या हाताने ब्रश करा. ताणल्यावर विणीची जाळी उघडते आणि धूळ भसाभसा निघते.

या पायरीला दहा मिनिटं लागतात आणि मातीचं मुख्य काम इथेच होतं. पुढे साबणाने जे करायचं ते उरलेल्या थोड्या मातीसाठी.

गवतासाठी स्पिरिट

औषधाच्या दुकानात मिळणारं सर्जिकल स्पिरिट किंवा सत्तर टक्क्यांचं आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणा. एक लहान बाटली बरेच महिने पुरते. घरात फक्त हँड सॅनिटायझर असेल तर तेही चालतं, रंग-सुगंध नसलेलं घ्या. ते कोरड्या कापडावर लावायचं. ओल्या कापडात पाणी मिसळून स्पिरिट पातळ होतं आणि हरितद्रव्य तेवढं सुटत नाही. म्हणूनच ही पायरी नळाच्या पाण्याआधी येते.

जुनं पांढरं सुती कापड, एखाद्या फाटक्या बनियनचा तुकडा, चौपदरी करून खाली ठेवा. त्यावर डागाची बाजू पालथी घाला. आता कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून मागच्या बाजूने डागावर दाबा आणि उचला, दाबा आणि उचला. घासायचं नाही. पाच-सहा वेळा झाल्यावर कापड उचलून खालचा बनियनचा तुकडा पाहा: त्यावर हिरवा शिक्का उठलेला दिसेल. ते उत्तम लक्षण. तुकड्याची कोरडी जागा खाली सरकवा आणि पुन्हा सुरू करा. डागाच्या कडेकडून मध्याकडे या, नाहीतर हिरवं वर्तुळ बाहेर पसरतं. तुकड्यावर हिरवं उमटणं थांबलं की स्पिरिटचं काम संपलं. बहुधा कापडावर फिकट पिवळसर छटा उरते, ती पुढच्या पायरीत जाते.

स्पिरिट पेट घेतं. गॅसजवळ, देवघरातल्या दिव्याजवळ हे करू नका, खिडकी उघडी ठेवा आणि नंतर तो कपडा चांगला खळबळल्याशिवाय मशीनमध्ये टाकू नका. रंगीत हाउसचा टी-शर्ट असेल तर आधी आतल्या शिवणीवर एक थेंब लावून पांढरा कापूस दाबा. कापसावर कपड्याचाच रंग आला तर स्पिरिट नको, थेट डिटर्जंटकडे जा. जर्सीच्या पाठीवरचा नंबर किंवा नाव चिकटवलेल्या रबरी छपाईचं असेल तर तिथे स्पिरिट लावूच नका, ती छपाई चिकट होऊन सुटते.

बऱ्याच जणांचा हात गवताच्या डागाला पाहून आधी लिंबाकडे किंवा व्हिनेगरकडे जातो. इथे थांबा. अळूच्या फदफद्यात चिंच किंवा आमसूल पडलं की पानांचा हिरवा रंग जाऊन मातकट होतो, ते आठवा. आंबटाने हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि हिरव्याचं खाकी होतं. कपड्यावरही रंग बदलतो, निघत नाही. डाग फिका झाल्यासारखा वाटतो, पण सुकल्यावर तपकिरी सावली राहते. लिंबाची पाळी हिरवं पूर्ण गेल्यावर, तीही फक्त मातीच्या तांबूस छटेसाठी.

पाणी आणि डिटर्जंट

आता नळाखाली. साधं थंड पाणी, मोठी धार आणि डाग उलटा, म्हणजे पाणी कापडाच्या आतून येऊन बाहेर पडेल असा. सरळ बाजूने धार मारली तर माती कापडात आणखी आत जाते. खालून निघणारं पाणी आधी गढूळ तांबूस असतं. ते नितळ होईपर्यंत धार सोडू नका. पाण्याची टंचाई असेल तर तांब्याने ओता, पण वाहतं पाणीच हवं, बादलीत बुचकळणं नको.

त्यानंतर डागावर डिटर्जंट लावायचं. इथे वडीपेक्षा मशीनचं लिक्विड बरं आणि ज्याच्या बाटलीवर एन्झाइम असल्याचं लिहिलंय ते सर्वात बरं. एन्झाइम गवताच्या डागातली प्रथिनं तोडतात आणि मग धाग्याला धरून बसलेला उरलेला रंग सुटतो. ज्यांच्याकडे बोअरचं जड पाणी येतं त्यांनी साबणाची वडी तर टाळावीच, कारण जड पाण्यात साबणाचा चिकट थर तयार होतो आणि मातीचे कण त्यातच अडकून बसतात.

चमचाभर लिक्विड डागावर ओता, बोटाने पसरवा आणि वीस मिनिटं ठेवा. मध्ये वाळू द्यायचं नाही, वाळत आलं तर थोडं पाणी शिंपडा. मग कापडाच्या दोन्ही बाजू मुठीत धरून कापडावर कापड घासा. सुती किंवा टेरिकॉट पँटला मऊ ब्रशही चालेल. पॉलिस्टरच्या विणलेल्या जर्सीला ब्रश लावला की तिच्यावर बोंडं येतात, तिथे फक्त बोटं वापरा.

खळबळून पाहा. पिवळसर-हिरवी छटा दिसत असेल तर तेवढा कपडा एकटा, कोमट पाण्यात अर्धा ते एक तास भिजवा. पाणी अंघोळीच्या पाण्यापेक्षा थोडं कमी गरम, हात आरामात राहील इतकं. कडकडीत पाण्यात एन्झाइम निकामी होतात आणि प्रथिनं घट्ट होतात, दुहेरी नुकसान. भिजवलेलं पाणी तांबडं झालं तर फेकून नवीन घ्या, त्याच पाण्यात ठेवू नका.

उरलेली तांबूस छटा

एवढं करून कपडा उजेडात धरला की बहुतेक वेळा डाग गेलेला असतो. पांढऱ्या सुती कपड्यावर मात्र कधीकधी केशरी सावली राहते. जांभ्याच्या मातीला तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडमुळे आहे, म्हणजे हा डाग गंजाचा भाऊबंद. डिटर्जंटने तो हलत नाही, आम्लाने हलतो.

पहिला उपाय लिंबू आणि मीठ. डागावर लिंबाचा रस पिळा, चिमूटभर मीठ चोळा आणि अर्धा तास ठेवून भरपूर पाण्याने धुवा. मोठा भाग असेल तर किराणा दुकानातलं सायट्रिक ॲसिड घ्या: लिटरभर कोमट पाण्यात एक मोठा चमचा. त्यात कपडा तासभर बुडवून ठेवा. हे काम सावकाश होतं आणि पातळ छटेपुरतंच. जाड लाल डाग लिंबाने जाईल अशी अपेक्षा ठेवू नका, तो असेल तर झटकण्याची पायरी नीट झालेली नाही. रंगीत कपड्यावर लिंबू लावून उन्हात ठेवू नका, तिथला रंग उडतो.

रंगाच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात ऑक्झॅलिक ॲसिडची पावडर मिळते. लोहाचे डाग ते सायट्रिकपेक्षा कितीतरी लवकर काढतं. पण ते पोटात गेलं तर विषारी आहे. लहान मुलं असलेल्या घरात मी ते आणा असं म्हणणार नाही. कोणी वापरणारच असेल तर रबरी हातमोजे, प्लास्टिकची बादली, लिटरभर पाण्याला एक लहान चमचा, दहा-पंधरा मिनिटं आणि नंतर तीनदा स्वच्छ पाणी. उरलेली पावडर लेबल लावून कुलपात ठेवा.

आणि क्लोरीन ब्लीच, म्हणजे शुभ्रतेसाठी विकलं जाणारं ते निळ्या-पांढऱ्या बाटलीतलं पाणी, या डागांना लावूच नका. लोहाचा डाग त्याने जात नाही, उलट अधिक गडद होऊ शकतो. पॉलिस्टर मिसळलेलं कापड त्याने पिवळं पडतं. सर्वात महत्त्वाचं: लिंबू, व्हिनेगर, सायट्रिक किंवा ऑक्झॅलिक यांतल्या कशाशीही ते मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीघरात हा धोका खरा आहे. एका बादलीत आधी ब्लीच वापरलं असेल तर ती धुतल्याशिवाय तिच्यात आम्ल घालू नका. स्पिरिटबरोबरही ब्लीच नको. नीळ घातल्याने छटा झाकली जाते, पण पुढच्या आठवड्यात ती निळसर मळकट होऊन वर येते.

एक पँट, सुरुवातीपासून

समजा शनिवारी दुपारी एक वाजता पांढरी टेरिकॉट पँट घरी आली. उजव्या गुडघ्यावर तळहाताएवढा तांबडा डाग आणि त्यातून नडगीकडे गेलेली चार बोटं लांबीची हिरवी रेघ, सूर मारल्याची. बाहेर पाऊस. मुलगी सांगते, "आई, सोमवारी तालुक्याला जायचंय, हाच ड्रेस लागेल."

चमच्याने वरचा चिखल उचलला, पँट पंख्याखाली टांगली. संध्याकाळी सहाच्या सुमारास गुडघ्यावरची माती फिकी होऊन तडकली. गॅलरीत उलट बाजूने ठोकून, मग ब्रशने झटकून डाग केशरी झाला, हिरवी रेघ जास्त स्पष्ट दिसू लागली. हे साहजिक आहे, मातीने ती झाकलेली होती. बनियनच्या तुकड्यावर पालथी घालून स्पिरिटचे बोळे दाबले, तुकडा चार वेळा सरकवल्यावर हिरवं उमटणं थांबलं. उलट्या बाजूने नळाची धार, पाणी नितळ झालं. एन्झाइमचं लिक्विड वीस मिनिटं, चोळून खळबळलं. हिरवं गेलं, गुडघ्याच्या शिवणीजवळ बोटभर केशरी छटा उरली. तिच्यावर लिंबू-मीठ अर्धा तास, पुन्हा पाणी. रात्री साडेआठला पँट नेहमीच्या धुण्यात टाकता आली, पांढऱ्या कपड्यांबरोबर. हाताशी लागलेला वेळ पाऊण तासाच्या आत, बाकी सगळं वाट पाहणं.

हीच पँट दोन वाजता पावडरच्या गरम पाण्यात भिजवली असती तर रात्री हिरवी रेघ तपकिरी आणि सगळी पँट गुलाबीसर झाली असती.

जुने डाग आणि तालमीची माती

धुऊन, इस्त्री करून बसलेला डाग पूर्ण निघेलच असं नाही. गवताचा जुना तपकिरी डाग असेल तर ऑक्सिजन ब्लीचची, म्हणजे क्लोरीन नसलेल्या ब्लीचची पावडर कोमट पाण्यात विरघळवून, डब्यावरच्या प्रमाणाने, दोन-तीन तास भिजवा. ती रंगीत कपड्यांनाही बहुधा चालते, तरी आतल्या शिवणीवर पाहून घ्या. मात्र डागात तांबडी छटा असेल तर आधी ती आम्लाने काढा आणि खूप पाण्याने धुवा. लोह शिल्लक असताना ऑक्सिजन ब्लीचची क्रिया त्या जागी फार जोरात होते आणि सूत कमकुवत पडतं. काही धुण्यांनंतर नेमकं गुडघ्यावरच कापड विरतं, ते यामुळेही. ऑक्सिजन ब्लीचचं द्रावण झाकण घट्ट लावून साठवू नका, वायू साठून बाटली फुटू शकते.

कोल्हापूर-सांगलीकडे मुलं तालमीत जातात, तिथली माती वेगळी. आखाड्याच्या तांबड्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू मुरवलेलं असतं. तिच्या डागावर आधी भांडी घासायचं लिक्विड लावून तेल सोडवावं लागतं, मग वरचा क्रम. साबण लागताच डाग एकदम लालभडक झाला तर घाबरू नका, ती हळद आहे. पाण्याने खळबळून उन्हात वाळवलं की हळदीचा रंग उन्हाने उडतो.

धुऊन झाल्यावर पँट दोरीवर टाकण्याआधी ओली असतानाच खिडकीच्या उजेडात गुडघा ताणून पाहा. तांबडी छटा ओल्या कापडावर जास्त ठळक दिसते, वाळल्यावर डोळ्यांना फसवते. काही दिसलं तर तेवढीच जागा पुन्हा डिटर्जंट किंवा लिंबाने करा. इस्त्री मात्र कपडा कोरडा झाल्यावर, दिवसाच्या उजेडात गुडघा आणि कोपर स्वच्छ असल्याची खात्री करूनच फिरवा.